प्रयागबाई आणि न्हाणीचं पाणी

प्रयागबाईचं नाव काढलं की लोक हळहळतात. "बिचारी!" म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो. बिचारी कसली? हट्टी होती, तिरसट होती, आणि आमच्या वसतिगृहात माझ्या तोंडाला तोंड देणारी ती एकटीच होती. मी बारा वर्षं तिथं गृहपाल होते. मुली मला घाबरायच्या, स्वयंपाकीणबाई मला टाळायची, आणि प्रयागबाई मला म्हणायची, "बाई, वरडू नका, घसा सुकंल. मग पानी कोन दील?"

पाणी! त्या एका शब्दानं माझी उमेदीची वर्षं खाल्ली.

वसतिगृह घोडेगावच्या बाहेर, माळावर. मुली चाळीसेक, पाचवी ते दहावीच्या. बहुतेक आहुप्याकडच्या, तळेघरकडच्या. तिकडं दिवसातून एखादी एसटी, पावसाळ्यात तिचाही भरवसा नाही. मुली इथं राहिल्या तर शिकणार, परत गेल्या की संपलं. आणि परत जायची वेळ दर वर्षी होळीनंतर यायची, कारण होळीनंतर आमची बोअर हवा ओकायला लागायची. नळाला एक दिवसाआड पाणी. त्यात पिण्याचं आणि भाकरी-आमटीचं भागायचं, अंघोळी कशाबशा व्हायच्या. अडायचं ते संडासाशी. संडासात ओतायला पाणी नाही म्हटल्यावर दाराला कुलूप, मुली पहाटे माळावर झुडपांआड, मग कुठं साप निघाला, कुठं कुणी टवाळ पोरं उभी राहिली, की संस्थेचे लोक म्हणायचे, "बाई, पाठवून द्या मुलींना घरी. नसती जोखीम नको."

आणि दहावीची परीक्षा मार्चात. ज्यांचं घोडेगावात नात्यातलं कुणी आहे त्या तिथं राहून पेपर द्यायच्या. बाकीच्यांनी काय करायचं? एका वर्षी दोघी घरी गेल्या त्या परीक्षेला आल्याच नाहीत. उन्हाळ्यात त्यांची लग्नं लागली. त्यातली एक गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. संडासाला पाणी नाही म्हणून मुलीचं लग्न लागतं, हे कुणाला सांगून पटत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रयागबाईला संस्थेनं ठेवलं ते त्यासाठीच. संडासाला पाणी घालायला. बाई मूळची पेठची, चांगल्या शेतकरी घरातली. नवरा गेला, दिरांनी वाटण्या केल्या, तिच्या वाट्याला आलं ते पठारावरचं बटाट्याचं रान, पावसावर अवलंबून. एकुलता एक मुलगा अमृत चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. "आमचं येकाचं पोट. कुटंबी भरंल," असं म्हणत ती एक पिशवी घेऊन आली आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहिली.

तिची पद्धत अशी. सकाळी मुलींच्या अंघोळी सुरू झाल्या की न्हाणीघरामागं जिथं सांडपाणी बाहेर पडायचं, तिथं ती चिंध्यांचा बोळा आणि ओली माती लावून बांध घालायची. मागं पाणी तुंबलं की पत्र्याच्या डब्यानं बादल्या भरायच्या आणि इमारतीला वळसा घालून संडासापाशी नेऊन ठेवायच्या. एक हेलपाटा, दुसरा हेलपाटा, सकाळभर. संध्याकाळी परत. आठ-दहा वर्षं तिनं हे केलं. कमरेनं दगा दिला तो त्यातच. मी म्हणायचे, डॉक्टरला दाखवू. ती म्हणायची, "कंबर न्हाई ती, कवाड हाय. करकरतं, पर उघडतं."

या बोलण्यावर मुली हसायच्या. मला हसू यायचं नाही. तिच्यामुळं वसतिगृह पंधरा-वीस दिवस जास्त तग धरायचं, इतकंच. होळी आली की चाळीस जणींना तिचे दोन हात पुरायचे नाहीत.

अशात २००३ साली पुण्याच्या कुणा दानशूर बाईंनी आम्हाला कपडे धुण्याचं मशीन पाठवलं. टेम्पोतून उतरलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. दुष्काळात तेरावा महिना! पाण्याचा पत्ता नाही आणि मशीन! पण संस्थेचे अध्यक्ष गेणभाऊ हार घेऊनच आले होते. गेणभाऊ म्हणजे गावातले मोठे बागायतदार, मनाचे वाईट नाहीत, पण बोलतील ते ब्रह्मवाक्य. "वापरा बाई, पोरींचा अभ्यासाचा वेळ वाचंल," म्हणाले आणि गेले.

ते मशीन जोडायला जुन्नरहून निजामभाई आले. प्लंबर. वय पन्नाशीच्या आसपास, मेंदी लावलेली दाढी, कामाला चोख. पण बोलायला लागले की पाना हातातच राहायचा. मशीनची नळी न्हाणीघरात सोडताना त्यांना खिडकीतून प्रयागबाई दिसली, दोन बादल्या घेऊन, एका अंगानं झुकलेली. त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" मी सांगितलं. तर म्हणाले, "बाई, हे पाइपाचं काम आहे. माणसाचं नाही. मी पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये दोन वर्षं हेच केलं. न्हाणीचं पाणी वेगळं काढायचं, गाळायचं, संडासाला द्यायचं."

मी म्हटलं, "निजामभाई, आमच्या मुली शंभर वर्षांच्या झाल्या तरी संस्था पैसे देणार नाही." पण बोलून बघायला काय जातं? गेणभाऊंना मशीनचं कौतुक होतंच, त्या कौतुकात पाइपांचंही खपून गेलं. दिवाळीच्या सुट्टीत काम धरलं.

काम कसं केलं ते मला अजून पाठ आहे, कारण मी रोज तिथं कटकट करत उभी असायचे. आधी सगळ्या सांडपाण्याचा एकच पाइप होता. निजामभाईंनी त्याचे दोन केले. संडास आणि स्वयंपाकघर पहिल्यासारखं सेप्टिक टँकला. "खरकट्याचं आणि तेलाचं पाणी मला नको, ते सडतं," म्हणाले. न्हाणीघरं आणि मशीन यांना नवा तीन इंची पाइप. प्रत्येक न्हाणीत खाली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाकण, त्यानं पाइपातला वास वर येत नाही. पाइपाला उतार फुटाला पाव इंच. कमी दिला तर गाळ बसतो, म्हणाले. पुढं एक चेंबर, त्यात जाळीची टोपली: केस, धागे, साबणाची वडी सगळं तिथं अडायचं. मग पाणी निवळायचा हौद. मग खडी आणि जाड वाळूचा थर. त्यातून झिरपून पाणी जमिनीतल्या हजार लिटरच्या टाकीत. तिथून लहान मोटारीनं छपरावरच्या दुसऱ्या टाकीत, आणि त्या टाकीतून फक्त संडासाला. ही लाइन त्यांनी हिरवी रंगवली आणि चांगल्या पाण्याच्या लाइनीला कुठंही जोडली नाही. मुलींना उभं करून बजावलं, "हिरव्या पाइपाचं पाणी तोंडात घ्यायचं नाही. चूळसुद्धा नाही."

शेवटची एक न्हाणी मात्र मी जुन्याच लाइनीवर ठेवायला लावली. मुलींना महिन्याचे कपडे धुवायचे असतात, कधी उवांसाठी डोक्याला रॉकेल लावलेलं असतं. ते त्या न्हाणीत. आणि दुसरं एक मला तोंड उघडून सांगावं लागलं, कारण निजामभाई पुरुषमाणूस, त्यांना बोलवेना. आमच्याकडं न्हाणी म्हणजे लघवीचीही जागा. घरोघरी तसंच. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ती मोडायला मला दिवाळी ते संक्रांत लागली. मी न्हाणीघराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, अशी बाई सगळ्या तालुक्यात नसेल!

जमिनीतल्या टाकीला वरच्या अंगाला एक पाइप होता, जादा पाणी शोषखड्ड्यात जायला. बुडाशी एक चावी. निजामभाईंनी प्रयागबाईला आणि मला समोर उभं करून सांगितलं, "हे पाणी ठेवायचं पाणी नाही. एक दिवस, बस. रात्री उरलं की ही चावी उघडून सोडून द्यायचं. दोन-तीन दिवस ठेवलं की काळं पडतं, सडक्या अंड्यासारखं घाण मारतं. आणि हा वरचा पाइप कधी बंद करायचा नाही." मी मान हलवली. प्रयागबाईनं मान हलवली नाही. मी ते पाहिलं होतं, पण मला वाटलं मान दुखत असेल.

जानेवारीत संडासांना चोवीस तास पाणी. चोवीस तास! मुली जाऊन नळ सोडून बघायच्या आणि परत यायच्या. आहुप्याची हर्षाली दहावीला होती, ती म्हणाली, "बाई, यंदा आमी होळीला घरी जायचं न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही, इथंच बसून इतिहास पाठ करायचा." त्या वर्षी दहावीला अकरा मुली होत्या, त्यातल्या सातजणींना गावात कुणी नव्हतं.

पण आगीतून निघालं की फुफाटा ठरलेलाच. संस्थेच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, आता पाणी आपोआप जातंय तर ती पाणी घालणारी बाई कशाला? जूनपासून नको. कुणी ठराव केला नाही, नुसतं बोलणं. पण चहा द्यायला प्रयागबाईच गेली होती. कप खाली ठेवून ती परत आली आणि भांडी घासायला बसली. मी विचारलं, "ऐकलंस?" ती म्हणाली, "कान हायेत मला."  कुठं जाणार होती ती? चाकणला सुनेच्या दोन खोल्यांत? की पेठला दिरांच्या ओसरीवर?

आणि फेब्रुवारीच्या एका रविवारी ते झालं.

रविवारी मुली चादरी, अभ्रे, शाळेचे गणवेश, सगळं एकदम धुवायच्या. मशीन सकाळपासून चालू. दहाच्या सुमाराला न्हाणीघरातून किंकाळ्या. मी धावले. न्हाण्यांच्या ट्रॅपमधून काळंकुट्ट पाणी उलटं वर येत होतं, वर साबणाचा फेस, आणि वास असा की एक मुलगी तिथंच ओकली. फरशीवरून ते ओघळून खोल्यांपर्यंत आलं. ज्यांचे वह्या-पुस्तकांचे गठ्ठे जमिनीवर होते त्यांनी ते उचलून पळायला सुरुवात केली. मी मशीन बंद केलं, न्हाणीघर बंद केलं आणि निजामभाईंना फोन लावला. गेणभाऊंना कुणी कळवलं देव जाणे, ते निजामभाईंच्या आधी हजर.

"सांगितलं व्हतं मी," गेणभाऊ नाकाला उपरणं लावून म्हणाले. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. "घाण पाणी ते घाणच. बंद करा हे. आणि पोरींना घरी पाठवा, रोगराई व्हायच्या आत."

घरी. फेब्रुवारीत. परीक्षेला महिनाही उरला नव्हता. हर्षाली दारात उभी राहून ऐकत होती, तिच्या हातात ओला गठ्ठा.

निजामभाई मोटारसायकलवरून आले. त्यांनी टोपली पाहिली, स्वच्छ होती. हौद पाहिला, काठोकाठ. मग टाकीशी वाकले आणि वरच्या पाइपात बोटं घातली. चिंध्यांचा बोळा! घट्ट, वरून माती लिंपलेली. कुणाचं काम ते ओळखायला वेळ लागला नाही. असा बोळा सगळ्या वसतिगृहात एकच माणूस करत असे. आत पाणी साचत गेलं, वापरापेक्षा जास्त, बाहेर पडायला वाट नाही. जुनं पाणी सडलं, आणि रविवारच्या धुण्याचं नवं पाणी आलं तसं ते हौदातून, पाइपातून मागं ढकलत न्हाणीत आलं. बुडाची चावीही कित्येक दिवसांत फिरली नव्हती. रोज रात्री मी विचारायचे, "सोडलंस का?" आणि ती "हं" म्हणायची.

"बघा!" गेणभाऊ गरजले. "नोकरी जाणार म्हणून मुद्दाम केलं. पाइप बिघडला म्हंजी हिची गरज पडंल. ताकाला जाऊन भांडं लपवत्येय ही! आजच्या आज काढा हिला."

प्रयागबाई खांबाला टेकून उभी होती. मी तिच्यावर ओरडले, खूप ओरडले. "का केलंस? बोल! मुलींचं वर्ष घालवायचं होतं तुला?"

ती म्हणाली, "वाहून जात व्हतं, बाई."

"अगं, जायलाच पाहिजे होतं ते!"

"तुमी म्हन्ता. मी बघितलं. ढळाढळा जात व्हतं खड्ड्यात. मला बघवना." मग म्हणाली, "बाहात्तर सालाला मी नवी सून व्हते. हिरीवरनं येताना माझा हंडा पडला. सासूनं त्या दिशी मला भाकर दिली न्हाई, आन मलाबी वाटलं, बरोबर केलं. पानी सांडल्यावं भाकर कशी मागायची? आता तुमी म्हन्ता, रोज सांड. मी 'हं' म्हनलं. हात वळना."

गेणभाऊंना यातलं काही पटलं नाही. "नाटकं हायेत," म्हणाले. "माणूस येवढं खुळं असतं व्हय?"

निजामभाई पुन्हा टाकीकडं वळले. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाइपात हात घातला आणि बोळा हिसडून ओढला. त्यासरशी आतलं काळं पाणी फसफसून बाहेर पडलं, शोषखड्ड्याचं तोंड चुकवून अंगणात. आणि गेणभाऊ, त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले गेणभाऊ, "अरे अरे अरे! पानी! पानी चाललं!" असं ओरडत पुढं झाले आणि त्यांनी पाइपाच्या तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. "बादली आणा! बघता काय, बादली!"

पाणी त्यांच्या बोटांतून फवारलं, सदऱ्यावर, मिशीवर. त्या घाणेरड्या, सडक्या, कुत्रं तोंड लावणार नाही अशा पाण्यावर माणूस जिवाच्या आकांतानं हात दाबून उभा होता. पठारावर त्यांचंही आजोळ, त्यांच्याही आईनं हंडे वाहिलेले.  मग हर्षाली फिसकन हसली आणि सगळ्याच हसल्या.

मी म्हटलं, "गेणभाऊ, आता तुम्हालाही काढायचं का कामावरून?"

त्यांनी हात सोडले. हातांकडं पाहिलं, सदऱ्याकडं पाहिलं.  मग म्हणाले, "साबण आणा कुणीतरी." हात धुतले. जाताना प्रयागबाईकडं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला. पोरींनाबी ऱ्हाऊ द्या. पर ते पाणी रोजच्या रोज सोडा, बाई. माझ्यादेखत सोडू नका म्हंजी झालं."

टाकी रिकामी केली, खरवडली, वाळू धुऊन परत भरली, तिसऱ्या दिवशी सगळं सुरू झालं. मी निजामभाईंना विचारलं, उरलेलं पाणी कुंपणाजवळच्या झाडांना नाही का सोडता येणार? चिंचेची, करंजाची, आंब्याची रोपं होती तिथं, उन्हानं माना टाकलेली. ते म्हणाले, झाडांना हे पाणी चालतं, बुडाशी घालायचं, पानांवर नाही. पण कुंपण टाकीपेक्षा चढावर आहे, पाणी आपोआप चढत नाही. पुढं कधी तरी वरच्या टाकीतून फाटा काढू. पुढं कधी तरी! आमच्या संस्थेत या शब्दांचं एक कपाट भरलं असतं.

प्रयागबाईला काम वाटून दिलं. रोज टोपली साफ करायची, आठवड्याला वाळूवरची साय काढायची, रात्री चावी. टोपलीतले ते केसांचे ओलसर गोळे ती न कुरकुरता हातानं काढायची. पण चावी? पहिल्या संध्याकाळी ती चावीवर हात ठेवून उभी राहिली, उभीच राहिली. मग म्हणाली, "तुमीच फिरवा, बाई." मला राग आला. मग राग ओसरला, नुसता थकवा राहिला. फिरवली मी. दुसऱ्या दिवशीही मीच. तेवढ्यापुरती ती आत जाऊन बसायची. खड्ड्यात पाणी पडल्याचा आवाज थांबला की विचारायची, "झालं का?" दिवसभर चाळीस मुली, त्यांची भांडणं, ताप, हिशेब, आणि दिवस मावळल्यावर ही चावी. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा बैठक, पुन्हा चहा, पुन्हा तोच विषय.

होळी झाली. माळावर होळी पेटली, मुलींनी बोंबा मारल्या, पुरणपोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी कुणीच घरी गेलं नाही. दहावीच्या अकराही मुली परीक्षेला बसल्या.

शेवटच्या पेपराच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर केंद्रावर गेले. लहान मुली आदल्याच दिवशी काही दिवसांच्या सुट्टीवर गेल्या होत्या. पेपर सुटला की दहावीच्याही तिथूनच एसटीनं जाणार. म्हणजे वसतिगृह रिकामं, आणि रिकाम्या वसतिगृहात टाकी भरलेली ठेवता येत नाही. आदल्या दिवशी सगळ्यांचं शेवटचं धुणं झालेलं, रात्री गडबडीत चावी फिरवायची राहून गेलेली, म्हणून टाकी वरपर्यंत भरलेली. जाताना मी प्रयागबाईला म्हटलं, "आज मला उशीर होणार. चावी तुलाच फिरवावी लागेल. डोळे मिट आणि फिरव." ती म्हणाली, "जा तुमी."

मुलींना एसटीत बसवलं. हर्षालीनं खिडकीतून हात हलवला, पेपर बरा गेला म्हणाली. मी चालत माळावर आले तेव्हा उन्हं उतरली होती. आधी शोषखड्ड्याकडं गेले. कोरडा. मला वाटलं, झालं! नाही फिरवली. उद्या पुन्हा काळं पाणी, पुन्हा तोच वास. रागानं मी टाकीचं झाकण उचललं.

टाकी रिकामी होती. बुडाशी ओंजळभर पाणी आणि पत्र्याचा डबा.

टाकीपासून कुंपणापर्यंत धुळीत ओली वाट पडली होती. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक रोपाला आळं केलेलं, आणि प्रत्येक आळं भरलेलं. हजार लिटर पाणी! बादल्यांनी, चढावर, त्या कमरेनं.

ती मागच्या पायरीवर बसली होती, पाय लांब करून. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. बादल्या शेजारी पालथ्या.

माझा तोल गेला. "अगं बये, हे थांबावं म्हणून तर एवढे पाइप घातले! एवढी भांडणं केली मी तुझ्यासाठी! कुणी सांगितलं होतं तुला हे?"

"कुनीच न्हाई," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "आजपातुर लई पानी आनलं बाई. सासूनं सांगितलं म्हनून, संस्थेनं सांगितलं म्हनून. आज कुनी सांगितलं नव्हतं." मग तिनं झाडांकडं पाहिलं. "थकले लई. पर सांडलं न्हाई."

मी बादल्या बाजूला सारल्या. तिच्याजवळ पायरीवर बसले आणि तिचे पाय मांडीवर घेऊन दाबायला लागले. तिनं एकदा पाय ओढून घेतला, "अवं बाई, काय करताय," म्हणाली. मग राहू दिला.